तौहीदचे तीन भाग आणि मक्केच्या मूर्तिपूजकांचा प्रश्न

अल्लाह एकच आहे, याबद्दल मुसलमानांत दुमत नाही. या एकत्वालाच तौहीद म्हणतात. वाद आहे तो तौहीदची विभागणी करण्याबद्दल. सौदी अरेबियातल्या धार्मिक शिक्षणात तिचे तीन भाग शिकवतात. निर्माता आणि पालनकर्ता तोच, ही रुबूबिय्यत. उपासना फक्त त्याचीच, ही उलूहिय्यत. आणि त्याची नावे व गुण अद्वितीय, हा तिसरा भाग.

दमास्कसच्या इब्न तैमियांनी (1263–1328) पहिल्या दोन भागांतला फरक ठळक केला. त्याच शतकात इब्न अबी अल-इझ्झ यांनी तहावींच्या जुन्या श्रद्धाग्रंथावर भाष्य लिहिताना ही त्रिविभागणी मांडली. तहावींच्या मूळ मजकुरात मात्र ती नाही. अठराव्या शतकात मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांनी अरबस्तानातल्या नज्दमध्ये तिच्यावर आपली चळवळ उभी केली.

त्यांचा युक्तिवाद असा. कुराण सांगते की आकाश-पृथ्वी कोणी निर्माण केली असे विचारल्यावर मक्केचे मूर्तिपूजक अल्लाहचेच नाव घेत. म्हणजे रुबूबिय्यत त्यांना मान्य होती. तरी ते मुश्रिक ठरले, कारण अल्लाहच्या जवळ जाण्यासाठी ते इतरांची उपासना करत. आता एखादा मुसलमान वलीच्या कबरीपाशी जाऊन त्यालाच हाक मारतो, मदत मागतो. अल्लाहच निर्माता आहे असे तो म्हणत असला, तरी या मांडणीनुसार तेवढ्याने तो सुटत नाही. अशी याचना हीच उपासना ठरते.

विरोधकांनी नेमका हाच दुवा धरला. विसाव्या शतकात अल-अझहरचे यूसुफ अद-दिज्वी यांनी या विभागणीवर टीका केली. कुराणात अल्लाह मानवजातीला विचारतो, ‘मी तुमचा रब नाही का?’ इथे वेगळ्या उलूहिय्यतची साक्ष मागितलेली नाही. शिवाय नरकातले मूर्तिपूजक कबूल करतात की आम्ही तुम्हाला विश्वाच्या रबच्या बरोबरीला बसवले. मग त्यांची रुबूबिय्यत शाबूत होती, असे कसे म्हणायचे? वलीला स्वतंत्र शक्ती न मानणाऱ्याची हाक उपासना ठरत नाही, असे या पक्षाचे म्हणणे. यावर समर्थक उत्तर देतात की रब आणि इलाह हे शब्द एकेकटे आले की एकमेकांचा अर्थ सामावून घेतात, एकत्र आले की वेगळे होतात.

‘ही विभागणी नवी, म्हणून चुकीची’ हा आक्षेप मला कमकुवत वाटतो. अशअरी पंडितही सत्ता, गुण आणि कृती अशा तीन अंगांनी एकत्व समजावत आले आहेत. शिकवण्यासाठी केलेल्या विभागणीतून कुणाचा ईमान रद्द ठरवता येतो का, हा खरा प्रश्न आहे. इब्न अब्दुल वहाब यांना तो घरातूनच ऐकावा लागला. त्यांचे सख्खे भाऊ सुलैमान यांच्या नावावर असलेल्या खंडनग्रंथात मुसलमानांना काफिर ठरवण्याला विरोध आहे, आणि त्यासाठी आधार घेतला आहे तो इब्न तैमियांच्याच लेखनाचा.