पावणेदहाला लॉक, मुदत ११.५९

एका सरकारी भरतीचा अर्ज माझ्या भाचीने शेवटच्या दिवसावर ढकलला होता. मुदत रात्री ११.५९ पर्यंत. फोटो, सही, प्रमाणपत्रं सगळं अपलोड झालेलं, फक्त शुल्क भरायचं राहिलेलं. पावणेदहाच्या सुमारास तिने पासवर्ड टाकला, तो चुकला. आठवेल तो टाकत गेली. पाचव्या वेळी पडद्यावर आलं: Your account is locked. Please try after 24 hours. हातात होते जेमतेम सव्वादोन तास. तिने मला फोन केला, "मामा, आता काय करू?"

आधी म्हटलं, प्रयत्न थांबव. चुकीच्या पासवर्डांची मोजणी सर्व्हरवर होते. फोन बदलला, ब्राउझर बदलला तरी तो आकडा पुसला जात नाही. काही पोर्टलांवर तर लॉक असताना केलेल्या प्रत्येक प्रयत्नाने चोवीस तास नव्याने सुरू होतात. मग 'पासवर्ड विसरलात?' दाबायला सांगितलं. खरी गोम तिथे निघाली: ओटीपी भलत्याच नंबरवर जात होता. तिची नोंदणी दीड महिन्यापूर्वी तालुक्याच्या नेट कॅफेत झाली होती आणि घाईत कॅफेवाल्याने मोबाइल आणि ई-मेल, दोन्ही स्वतःचेच घातले होते. आपल्याकडे हे सर्रास चालतं, आणि अर्जदाराला ते कळतं नेमकं असल्या रात्री.

"नवीन नावनोंदणी करून टाकू का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. एका पदासाठी दोन नोंदण्या केल्यास अर्ज बाद होईल, असं बऱ्याच जाहिरातींत छापलेलं असतं. जाहिरातीतलं ते कलम वाचल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मग बसलो मदतकक्षाला मेल लिहायला. पत्ता जाहिरातीच्या पीडीएफमधूनच घेतला. गुगलवर 'हेल्पलाइन' शोधून मिळणाऱ्या नंबरांवर भामटेही टपलेले असतात. तिचा पहिला मसुदा असा होता: 'सर, प्लीज मदत करा, माझं वर्ष वाया जाईल.' खरं होतं ते, पण मेल वाचणाऱ्याच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. त्याच्यासमोर शेकडो मेल असतात. त्याला आधी नोंदणी क्रमांक लागतो. त्याशिवाय तो खातं उघडून पाहूच शकत नाही. दुसरं म्हणजे तो बहुधा अर्ज घेणाऱ्या कंपनीचा माणूस असतो. लॉक काढणं, तपासून मोबाइल नंबर बदलणं त्याच्या हातात असू शकतं. मुदत वाढवणं नाही. तो निर्णय भरती करणाऱ्या विभागाचा, आणि विभाग मुदत वाढवतो ती सर्वांसाठी, एकट्या अर्जदारासाठी सहसा नाही. म्हणून मुदतवाढीची विनवणी काढून टाकली आणि त्याच्या हातात आहे तेवढंच मागितलं.

विषयाच्या ओळीत जाहिरात क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि 'खाते लॉक, मुदत आज रात्री ११.५९' एवढं घातलं. खाली मजकूर:

"आज रात्री ९.४५ वाजता पासवर्ड पाच वेळा चुकल्याने माझे खाते लॉक झाले. नोंदणीतील मोबाइल व ई-मेल नेट कॅफेचालकाचे आहेत, त्यामुळे ओटीपी मला मिळत नाही. अर्ज पूर्ण भरलेला असून फक्त शुल्क बाकी आहे. कृपया खाते अनलॉक करावे आणि ओळख पडताळून खालील मोबाइल क्रमांक नोंदवावा. जन्मतारीख व अर्जातील नाव खाली दिले आहे. स्क्रीनशॉट सोबत."

स्क्रीनशॉटमध्ये फोनवरचं घड्याळ आणि लॉकचा संदेश दोन्ही दिसतील, असं पाहिलं. पासवर्ड किंवा पूर्ण आधार क्रमांक कुठेही लिहिला नाही. खरा मदतकक्ष पासवर्ड मागत नाही. मेल १०.१० ला गेला, आणि एकदाच. तोच मेल दहादा पाठवला तर एकाच तक्रारीचे दहा तुकडे होतात आणि कोणता आधी बघायचा ते समोरच्याला कळत नाही.

पण मदतकक्षाची वेळ जाहिरातीत सकाळी १० ते सायंकाळी ६ अशी दिली होती. रात्री तिथे माणूस असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मेल जाताच कॅफेवाल्याचा शोध सुरू केला. शटरवर लिहिलेला नंबर शेजारच्या मेडिकलवाल्याने सांगितला. तो झोपला होता. १०.५० ला उठला, हळहळला आणि त्याने ओटीपी वाचून दाखवला. ओटीपी कुणालाही सांगू नये हे खरं, पण इथे खातं तिचं होतं, नंबर तेवढा त्याचा. नवा पासवर्ड घालताच लॉक निघाला. सगळ्याच पोर्टलांवर तो असा निघत नाही. शुल्क ११.२२ ला भरलं गेलं, पावतीची पीडीएफ तिने लगेच उतरवून घेतली.

मदतकक्षाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता आलं: 'आपले खाते अनलॉक करण्यात आले आहे. मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी ओळखपत्राची प्रत पाठवावी.' तिने ती त्याच दुपारी पाठवली. प्रवेशपत्राचा एसएमएस कॅफेवाल्याकडे जायला नको होता.