पोतं न मोजता पोत्याचा मुक्काम

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचे कल्पित आकडे घेऊ. वर्षाची विक्री 3 कोटी 65 लाख, विकलेल्या मालाची खरेदी किंमत 3 कोटी 28 लाख 50 हजार. सरासरी मालसाठा 54 लाख, गिऱ्हाइकांकडून येणं 45 लाख, माल देणाऱ्यांचं देणं 18 लाख. यात दिवसांचा कुठेच उल्लेख नाही, तरी दिवस त्यातच दडलेले आहेत.

खरेदी किमतीला 365 ने भागलं की कळतं, गोदामातून रोज 90 हजारांचा माल बाहेर पडतो. साठा आहे 54 लाखांचा. म्हणजे एक पोतं आत आल्यापासून सरासरी 60 दिवस तिथेच मुक्काम करतं! एकाही पोत्यावर तारीख लिहिलेली नसताना हे कळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. साठा म्हणजे रोजचा ओघ गुणिले मुक्काम. या नात्याची गणिती सिद्धता जॉन लिटल यांनी 1961 मध्ये दिली, तीसुद्धा रांगांचा अभ्यास करताना.

उधारीचंही तसंच. रोजची विक्री 1 लाख, म्हणून येणं 45 दिवसांचं. माल ते रोकड हे चक्र 105 दिवसांचं झालं. साठा वर्षाच्या दोन्ही टोकांना सारखाच असेल, तर खरेदीही रोज 90 हजारांचीच. म्हणजे देणं 20 दिवसांचं. तेवढे दिवस दुसऱ्याच्या पैशावर निघतात. उरले 85. हमाली, भाडं, पगार धरून रोजचा रोख खर्च 94 हजार असेल, तर 85 दिवसांना सुमारे 80 लाख लागतात. हे त्याचं खेळतं भांडवल.

साठ्याला विक्रीने भागायचा मोह आवरावा. साठा खरेदी किमतीत मांडलेला असतो, विक्रीत नफा मिसळलेला असतो. तसं भागलं तर 60 चे 54 दिवस होतात आणि हिशेबातून साडेपाच लाखांहून जास्त रक्कम गुपचूप गळते.

हळदीत खरा चकवा 31 मार्चचा. नवी हळद फेब्रुवारी ते मे या काळात बाजारात येते, त्यामुळे वर्षअखेरीला गोदाम भरलेलं असतं. समजा, त्या दिवशी साठा 81 लाखांचा आहे. सुरुवातीच्या आणि अखेरच्या साठ्याची सरासरी काढून उपयोग नाही, कारण दोन्ही आकडे ऐन हंगामातलेच. त्यावरून मुक्काम 90 दिवसांचा दिसेल. वर उल्लेखलेले 54 लाख बारा महिनाअखेरींच्या सरासरीचे. मात्र बँकेकडे कॅश क्रेडिट मागताना हे 81 लाखही दाखवावेत. येणं-देणं तेवढंच राहिलं, तर हंगामात गरज सरासरीपेक्षा 27 लाखांनी जास्त असते आणि भाव चढला तर त्याहूनही जास्त.