‘सबमिट’ऐवजी ‘मला फोन करा’

घराच्या नूतनीकरणाची कामे घेणाऱ्या ठेकेदाराच्या वेबसाइटवरील चौकशी फॉर्मकडून एकच अपेक्षा असते. पहिला फोन करता येईल एवढी माहिती हाती यावी. कोटेशन फॉर्मवरून देता येतच नाही. त्यासाठी घरी जाऊन टेप लावावी लागते, जुनी लादी ठोकून पाहावी लागते, ओल कुठून येते ते शोधावे लागते. तरीही बहुतेक फॉर्म कोटेशनची सगळी तयारी घरबसल्या ग्राहकाकडूनच करून घेऊ पाहतात आणि तिथेच अर्धवट सोडले जातात.

उदाहरणादाखल ठाण्यातील जुन्या इमारतींमध्ये बाथरूम आणि किचनची कामे घेणारा एक ठेकेदार घेऊ. त्याच्या फॉर्मवर दहा रकाने आहेत: नाव, ईमेल, मोबाइल, दुसरा मोबाइल, पूर्ण पत्ता, कार्पेट एरिया, बजेट, कामाचे स्वरूप, ‘आमच्याबद्दल कुठून कळले’ आणि संदेश. प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारायचा: हे उत्तर नसेल तर फोन अडतो का?

कार्पेट एरिया कोणाला पाठ नसतो. बाथरूमच्या कामात त्याचा उपयोगही नाही, कारण बाथरूमचे माप वेगळे घ्यावेच लागते. पूर्ण पत्ता भेट ठरल्यावर लागतो. तोवर नुसता भाग किंवा पिनकोड पुरतो. बजेटचा रकाना सर्वांत जास्त अडवतो. ग्राहकाला खर्चाचा अंदाज नसतो, म्हणून तर तो चौकशी करत असतो. शिवाय आपण आकडा सांगितला की कोटेशन नेमके तेवढ्याचेच येणार, अशी धास्तीही असते. पाच लाखांखालची कामे घ्यायचीच नसतील, तर तसे फॉर्मच्या वर लिहावे. ‘कुठून कळले’ हे फोनवर सहज विचारता येते.

नको असलेला रकाना ऐच्छिक ठेवला तरी तो निरुपद्रवी असतोच असे नाही. एक्सपीडिया या प्रवास-आरक्षण कंपनीच्या फॉर्मवर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही ग्राहक त्यात आपल्या बँकेचे नाव भरत आणि पुढे पत्ताही बँकेचाच देत. मग कार्डाची पडताळणी फसे. तो रकाना काढल्याने वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने २०१० मध्ये सांगितले होते.

ठाण्याच्या फॉर्मवर अखेर चारच रकाने उरतात: नाव, मोबाइल, भाग आणि काम. कामाचे पर्याय ग्राहकाच्या तोंडच्या भाषेत हवेत. ‘वॉटरप्रूफिंग’ हा ठेकेदाराचा शब्द झाला. ग्राहकाला ‘बाथरूम गळते, खालचे तक्रार करतात’ एवढेच माहीत असते. ‘अजून नक्की नाही’ हा पर्यायही ठेवावा, नाहीतर माणूस तिथेच थबकतो. ओलीचे फोटो फॉर्म पाठवून झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेले बरे.

मोबाइलच्या रकान्यात एक छुपी अडचण असते. मराठी कीबोर्डवर अंक ९८ असे उमटू शकतात आणि फॉर्म ‘अवैध क्रमांक’ म्हणून ते नाकारतो. कोणी +91 लावतो, कोणी मध्ये जागा सोडतो. हे सगळे रूप स्वीकारून साफ करणे हे फॉर्मच्या मागील प्रणालीचे काम. पुढील ओळीमुळे फोनवर थेट अंकांचा कीपॅड उघडतो आणि साठवलेला नंबर सुचवला जातो:

```html
<input type="tel" name="mobile" autocomplete="tel">
```

रकान्याचे नाव चौकटीच्या वर लिहावे. आत फिकट अक्षरांत लिहिलेले नाव टाइप करू लागताच नाहीसे होते, आणि चूक दुरुस्त करताना कशाची चौकट होती ते आठवत नाही.

आता बटण. ‘सबमिट’ या शब्दातून पुढे काय होणार ते कळत नाही. ‘मोफत कोटेशन मिळवा’ आकर्षक खरे, पण कोटेशन लगेच मिळणार नसते, त्यामुळे पहिल्याच फोनवर चिडचिड होते. ‘साइट व्हिजिट बुक करा’ हे फक्त चौकशी करणाऱ्याला जड वाटते. ‘मला फोन करा’ हे शब्द जे होणार तेच सांगतात. बटणाखाली एक ओळ हवी: ‘सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत फोन येईल.’ अर्थात फोन खरोखर त्या वेळेत गेला पाहिजे. शेजारी ‘रीसेट’ बटण असेल तर ते काढावे. चुकून तिथे बोट पडले की भरलेले सगळे पुसले जाते.

बदलाचा परिणाम मोजताना दोन आकडे पाहावेत. फॉर्म भरू लागलेल्या ४० जणांपैकी १४ जणांनी तो पाठवला, तर पूर्ततेचे प्रमाण ३५ टक्के. पण त्या १४ पैकी किती घरी भेट ठरली, हेही मोजायला हवे; रकाने कमी केल्यावर पनवेलहूनही चौकश्या येऊ लागल्या आणि ठेकेदार तिथे जात नसेल, तर वाढलेली संख्या फसवी. महिन्याला ४० इतकी थोडी ये-जा असताना दोनचार टक्क्यांच्या फरकावरून बटणाचे शब्द बदलत बसू नये. त्यापेक्षा माणसे कोणत्या रकान्याशी थांबतात ते पाहणे जास्त उपयोगी.