पार्टीचा जीएसटी नंबर बिल फाडण्याआधीच का मागायचा?

कुपवाड, मिरज आणि सातारा एमआयडीसीत आपल्यातली कितीतरी मुलं फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, फर्निचर, इलेक्ट्रिकची कामं घेतात. हाताला हुनर आहे, माल वेळेवर जातो, पार्टीही खुश असते. पण पेमेंट मात्र दोन-दोन महिने लटकतं. विचारलं की अकाउंटवाले म्हणतात, "तुमचं बिल आमच्या टू-बीत दिसत नाही." शाळेतून बाहेर पडून धंद्याला लागलेली मुलं भेटली की हे वाक्य नेहमी ऐकायला मिळतं. त्यामागचं कारण बऱ्याचदा कामात नसतं, बिलावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेल्या पंधरा अक्षरांत असतं.

आधी तो पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर वाचायला शिकू. नमुन्यासाठी एक बनावट नंबर घेऊ: 27AAACX0000X1Z9. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर पार्टी कोण आहे ते सांगतं. P असेल तर एकटा माणूस, F असेल तर भागीदारी फर्म, C असेल तर कंपनी. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातलं हे कितवं रजिस्ट्रेशन ते दाखवतं. मग साधारणपणे Z येतो, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर या शेवटच्या अक्षरामुळे बहुतेक वेळा पोर्टल तो नंबरच घेत नाही.

म्हणजे टायपिंगची चूक बऱ्यापैकी पकडली जाते. खरा धोका वेगळाच आहे. नंबर अगदी बरोबर असतो, पार्टीही तीच असते, पण तो नंबर दुसऱ्या राज्यातल्या रजिस्ट्रेशनचा असतो. सांगलीकरांना हे जास्त जवळचं आहे. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. एकाच कंपनीचं एक युनिट इकडे, एक तिकडे असणं आपल्या भागात नवं नाही. पॅन एकच असला तरी प्रत्येक राज्यात जीएसटी नंबर वेगळा असतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, कुपवाडच्या एका वर्कशॉपला एका कंपनीच्या साताऱ्यातल्या गोदामासाठी लोखंडी रॅकची ऑर्डर मिळाली. माल 1,00,000 रुपयांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000. कंपनीचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रातही आहे आणि निपाणीच्या युनिटमुळे कर्नाटकातही. ऑर्डर देणाऱ्या साहेबांनी व्हॉट्सॲपवर घाईत जो नंबर टाकला, तो 29 ने सुरू होणारा होता. टेम्पो भरून उभा, पोरानं तोच नंबर टाकून 5 ऑगस्टला बिल केलं.

नंबर 29 चा म्हणून सॉफ्टवेअरनं 18,000 रुपये आयजीएसटी लावला. खरेदी साताऱ्याच्या गोदामाची, म्हणजे बिल 27 च्या नंबरवर हवं होतं. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गेला, म्हणून 9,000 सीजीएसटी आणि 9,000 एसजीएसटी लागायला हवा होता. एकूण रक्कम तेवढीच राहते, त्यामुळे बिल बघून कुणालाच काही खटकत नाही.

चूक कळते ती उशिरा, आणि हा उशीरच महागात पडतो. ऑगस्टच्या विक्रीचं जीएसटीआर-1 भरायची शेवटची तारीख 11 सप्टेंबर. त्यात भरलेली बिलं 14 सप्टेंबरला खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी या यादीत उतरतात. या यादीत बिल दिसलं तरच खरेदीदाराला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. आपल्या गोष्टीत बिल निपाणीच्या यादीत जाऊन बसलं आणि साताऱ्याचा अकाउंटवाला ते महाराष्ट्राच्या यादीत शोधतोय. त्याला 18,000 चं क्रेडिट मिळेना, म्हणून त्यानं पेमेंट थांबवलं. काहीजण निदान कराची रक्कम तरी रोखतात, काहीजण सगळंच.

इकडे वर्कशॉपवाल्याला मात्र थांबता येत नाही. 20 सप्टेंबरपर्यंत जीएसटीआर-3बी भरून, लोखंडाच्या खरेदीचं क्रेडिट वजा जाता उरलेला कर सरकारला द्यावाच लागतो, पार्टीनं पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे माल गेला, कर खिशातून गेला आणि हातात काहीच नाही.

दुरुस्ती होते, पण तिलाही वेळ लागतो. नंबर त्याच राज्यातला आणि फक्त चुकीचा असेल, तर पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये तो बदलता येतो. इथे राज्यही बदललं आणि कराचा प्रकारही. अशा वेळी बहुतेक सीए जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढून नव्या नंबरवर नवं बिल करायला सांगतात. ते सप्टेंबरात केलं तर सप्टेंबरच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे 11 ऑक्टोबरपर्यंत भरलं जातं आणि 14 ऑक्टोबरला साताऱ्याच्या यादीत दिसतं. ऑगस्टच्या पाच तारखेचं बिल, आणि पेमेंटची गाडी सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यावर. शिवाय नव्या बिलाचा सीजीएसटी-एसजीएसटी भरायचाच. जुन्या आयजीएसटीची वजावट मिळते खरी, पण त्या महिन्यात दुसऱ्या राज्यात विक्री नसेल तर ती पुढच्या महिन्यांवर ढकलली जाते. जे तिमाही रिटर्न भरतात आणि मधल्या महिन्यांची बिलं वेगळी चढवत नाहीत, त्यांची चूक तर आणखी उशिरा उघडी पडते.

म्हणून विचारायची वेळ टेम्पो भरल्यावरची नाही. मालाचं बिल माल निघण्याआधी किंवा निघतानाच व्हावं लागतं, त्यामुळे त्या घाईत कुणी शांतपणे नंबर तपासत बसत नाही. ई-वे बिलावरही तोच नंबर जातो. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस लागतं आणि ते रद्द करायला फक्त 24 तास मिळतात. माहिती मागायची ती ऑर्डर पक्की होते त्या दिवशी, ॲडव्हान्सची बोलणी होतात तेव्हाच.

आपल्याकडे अडचण असते ती संकोचाची. "इतकी मोठी पार्टी, तिला कागद कसे मागायचे, शक केल्यासारखं वाटेल." पण मोठ्या कंपनीचा अकाउंट विभाग स्वतःच्या विक्रेत्याकडून हेच सगळं मागतो, त्यांना यात काही वावगं वाटत नाही. उलट विचारणारा पक्का धंदेवाला वाटतो. मेसेज साधा ठेवावा:

"नमस्कार सर. रॅकच्या ऑर्डरचं बिल करण्यासाठी कृपया एवढं पाठवा. 1) ज्या नावानं बिल हवं, त्या जीएसटी रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची पीडीएफ, Annexure A सकट. 2) माल उतरवायचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह. 3) पीओ नंबर आणि तारीख. 4) बिल कोणत्या ईमेलवर पाठवायचं आणि अकाउंट विभागात कुणाशी बोलायचं. आधी बिलाचा कच्चा नमुना पाठवतो. आपला ओके आला की पक्कं बिल करतो."

यात नंबर टाइप करून मागितलेला नाही, सर्टिफिकेट मागितलं आहे. त्यावर कायदेशीर नाव, नंबर आणि मुख्य पत्ता तिन्ही एकत्र असतात, आणि Annexure A मध्ये त्याच राज्यातल्या बाकीच्या जागा असतात. साताऱ्याचं गोदाम त्या यादीत दिसलं की समजायचं, हाच नंबर बरोबर. माल उतरवायचा पत्ता वेगळा मागितला कारण बिलाचा पत्ता आणि मालाचा पत्ता एकच असेल असं नसतं. बिलावर दोन्ही स्वतंत्र लिहायचे. अकाउंट विभागातलं नाव मागितलं कारण ऑर्डर देणारा प्लांटचा माणूस असतो, बिल पास करणारा दुसराच. कच्चा नमुना या दुसऱ्या माणसालाही दाखवावा.

सर्टिफिकेट आलं तरी एकदा पडताळावं, कारण कागद जुना असू शकतो. www.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN उघडायचं, नंबर आणि स्क्रीनवरची अक्षरं टाकायची. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. चार गोष्टी बघायच्या. Legal Name of Business आणि Trade Name बिलावरच्या नावाशी जुळतात का? दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि कायदेशीर नाव पुष्कळदा वेगळं असतं. GSTIN / UIN Status समोर Active आहे का? Cancelled किंवा Suspended दिसलं तर आधी पार्टीशी बोलायचं, मग बिल. Principal Place of Business चा पत्ता सर्टिफिकेटशी जुळतो का? आणि पहिले दोन आकडे त्याच राज्याचे आहेत का, जिथल्या ऑफिसनं खरेदी केली आहे? मग त्या पानाचा स्क्रीनशॉट ऑर्डरच्या फाइलमध्ये ठेवून द्यायचा.

पार्टीकडे जीएसटी नंबर नसेल तर काय? मग नंबरचा रकाना मोकळाच राहतो. ग्राहकाचं नाव-पत्ता लिहून बिल करायचं. रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त असेल तर नाव, पत्ता, माल उतरवायचा पत्ता आणि राज्य लिहिणं सक्तीचंच आहे. इथे एक गोष्ट सांभाळावी. कधी कधी ग्राहक म्हणतो, "माझ्या मेव्हण्याचा नंबर आहे, त्याच्या नावानं बिल टाक, त्याला क्रेडिट मिळेल." माल एकाला आणि बिल भलत्याच्या नावाला, हे नियमात बसत नाही. माल न देता बिल देणं हा जीएसटी कायद्यात गुन्हा आहे, आणि दंड 10,000 रुपये किंवा कराची रक्कम यांतला जो मोठा तो. नात्यातला माणूस असला तरी इथे अदबीनं नाही म्हणावं.

नेहमीच्या पार्टीचा नंबरही दर नव्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिलमध्ये, पुन्हा एकदा पोर्टलवर टाकून बघावा. फर्मची कंपनी झाली, भागीदार फुटले, मालकानं धंदा मुलाच्या नावे केला, की पॅन बदलतो आणि त्याबरोबर जीएसटी नंबरही. आपल्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र जुनाच नंबर सेव्ह असतो आणि नाव निवडलं की तोच आपोआप उमटतो.