‘रोजचंच तर काम आहे!’
फोर्कलिफ्टची बॅटरी आणि जेएसएबद्दलचे काही गैरसमज

डोंबिवलीत सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणं थेट रिअ‍ॅक्टरवर जातं. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत, आणि दोन्ही वेळा एमआयडीसीलगतच्या वस्तीतल्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, तेव्हा ते साहजिकच आहे. पण त्यातून एक समजूत घट्ट झाली आहे. जेएसए, म्हणजे जॉब सेफ्टी अ‍ॅनालिसिस, हे केमिकल कंपन्यांच्या मोठ्या, जोखमीच्या कामांसाठी असतं; खाडीपलीकडे माणकोली-भिवंडीच्या गोदामात फोर्कलिफ्टची बॅटरी बदलायला त्याची काय गरज?

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. कधीतरी करायच्या कामाला परमिट असतं, सुपरवायझर उभा असतो आणि माणसंही सावध असतात. बॅटरी मात्र शिफ्ट संपता संपता बदलली जाते, तीही घाईत, आणि तिथे कुणाचंच लक्ष नसतं. जेएसएसाठी काम निवडताना ते अवघड आहे का, यापेक्षा एक साधी चूक झाली तर किती इजा होईल आणि ते काम किती वेळा होतं, हे बघायचं असतं. या दोन्ही प्रश्नांत बॅटरी पुढे आहे.

दुसरा गैरसमज धोक्याच्या जागेबद्दलचा. ‘बॅटरी म्हणजे अ‍ॅसिड, म्हणून हातमोजे घाला आणि गॉगल लावा’ एवढ्यावर बहुतेक फॉर्म संपतात. अ‍ॅसिडचा धोका खराच आहे, पण या कामात सगळ्यांत आधी बघायचं ते वजन. दोन टनी फोर्कलिफ्टची ४८ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण आठशे-नऊशे किलोची असते. ती होइस्टवर लटकते तेव्हा हेल्पर काय करतो ते एकदा उभं राहून बघा. बॅटरी खाली येत असते, खोबणीत नीट बसत नसते, आणि शेवटच्या चार बोटांच्या अंतरात तो हाताने ढकलून तिला सरळ करतो. बोटं चिरडतात ती इथे. कागदावर या जागेचा उल्लेख नसतो, कारण कागदावर ती पायरी ‘नवीन बॅटरी बसवणे’ या तीन शब्दांत उरकलेली असते.

जेएसएची सगळी कला काम फोडण्यात आहे. फार ढोबळ फोडलं तर धोका शब्दांखाली लपतो, फार बारीक फोडलं तर चाळीस ओळींचा कागद होतो आणि तो कुणी वाचत नाही. या कामाच्या नऊ-दहा पायऱ्या पुरतात. गाडी ठरलेल्या जागी लावून फोर्क खाली, ब्रेक, चावी बाहेर. झाकण उघडणं. कनेक्टर सोडवणं. बॅटरीचा अडसर काढणं. हुक लावणं. उचलून स्टँडवर ठेवणं. चार्ज झालेली बॅटरी आणून बसवणं. अडसर परत लावणं. कनेक्टर जोडणं. काढलेली बॅटरी चार्जिंगला लावणं. प्रत्येक पायरीशी एकच प्रश्न विचारायचा: इथे माणसाला इजा कशी होऊ शकते? आणि हे ऑफिसात बसून लिहायचं नाही. जो ऑपरेटर रोज बॅटरी बदलतो त्याला करू द्यायचं, बाजूला उभं राहून बघायचं, मग त्यालाच विचारायचं, ‘दादा, हे नेहमी असंच करता का?’ खरी माहिती या प्रश्नानंतर बाहेर येते. अडसराची खिट्टी अडकते म्हणून ती लावलीच जात नाही, हे सेफ्टी ऑफिसरला टेबलावर बसून कधीच कळणार नाही.

आता ‘बॅटरी उतरलेली आहे, आता काय शॉक लागणार’ हा समज बघू. ४८ व्होल्टने सहसा शॉक जाणवत नाही हे खरं. पण उतरलेल्या बॅटरीतही शॉर्टसर्किट झालं तर शेकडो ते हजारो अँपिअर करंट वाहू शकतो. उघड्या टर्मिनलवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो, आणि हातातलं कडं दोन टर्मिनलांना टेकलं तर मनगटावरच तापतं. म्हणून ‘झाकण उघडणं’ या पायरीसमोर कडं, अंगठी, चेन काढून ठेवणं, इन्सुलेटेड पाना वापरणं आणि सेलवर रबरी मॅट टाकणं, असं स्पष्ट लिहावं लागतं. ‘काळजी घ्यावी’ असं लिहिलेला कागद मी कोरा समजतो.

हायड्रोजनबद्दल एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. चार्जिंगच्या शेवटी करंट बॅटरीत साठण्याऐवजी पाणी फोडू लागतो. जास्तीच्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधून सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. बॅटरी ५६० अँपिअर-तासाची, सेल २४, आणि दहा टक्के जास्त चार्जिंग धरलं तर ५६ गुणिले ०.४२ गुणिले २४, म्हणजे साधारण ५६५ लिटर. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. म्हणजे एवढा वायू सुमारे चौदा घनमीटर हवेला, एका छोट्या बंद खोलीला, पुरेसा आहे. शिवाय तो हलका असल्याने आधी छताखाली आणि बंद झाकणाखाली साठतो. एरवी गोदामाचं शटर उघडं असतं आणि हवा खेळती राहते. पण जुलैत पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं-पाऊण पाडतात, त्याच कोपऱ्यात चार्जर सुरू असतो, आणि मार्चमध्ये केलेला जेएसए त्या दिवशी खोटा ठरतो. चार्जरचाही एक क्रम आहे: आधी चार्जर बंद, मग कनेक्टर वेगळा. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर ठिणगी तिथेच उडते, वायूच्या शेजारी.

उपाय शोधताना गॉगल आणि हातमोजे शेवटी येतात. आधी विचारायचं, ही पायरी काढूनच टाकता येईल का? बाजूने सरकवून काढता येणारी बॅटरी आणि रोलर स्टँड असेल तर उचलणं संपतं. ते शक्य नसेल तर स्प्रेडर बीम हवा. एकाच हुकातून दोन तिरप्या साखळ्या सोडल्या तर त्या बॅटरीची पेटी दोन्ही बाजूंनी आत दाबतात. लोंबणाऱ्या बॅटरीला हात न लावता वळवायला दोरी किंवा लाकडी दांडा ठेवायचा. डोळे धुवायच्या सोयीतही अशीच फसगत असते. अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं वाहतं पाणी लागतं. भिंतीवर लटकवलेली अर्ध्या लिटरची बाटली मिनिट-दोन मिनिटांत संपते. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही.

शेवटचा समज, ‘एकदा केलं की झालं.’ चार्जर बदलला, होइस्ट बदलला, नवा माणूस आला, कुणाचं बोट थोडक्यात वाचलं, की कागद पुन्हा काढायचा. लिथियम बॅटरी आली तर अ‍ॅसिड गेलं आणि रोजची अदलाबदलही जवळपास गेली, पण एक नवी गोष्ट तपासावी लागते. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हा पाठच्या तोलाचाच भाग असतो. गाडीच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजन छापलेलं असतं. त्याहून हलकी बॅटरी बसवली तर तोच पॅलेट, त्याच उंचीवर, गाडीला पुढे कलवू शकतो.