‘सर्वोसह, १ सेट’ म्हणजे नक्की काय?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधली वीस वर्षं जुनी सीएनसी लेथ घ्या. बेड आणि स्पिंडल ठणठणीत आहेत, पण कंट्रोलरचं कार्ड गेलंय आणि नवं मिळत नाही. मालक व्हेंडरकडून कोटेशन मागवतो. त्यात लिहिलेलं असतं: ‘सीएनसी कंट्रोल अपग्रेड किट, सर्वोसह, १ सेट. इन्स्टॉलेशन वेगळं.’ एवढ्यावर अॅडव्हान्स देऊ नये. फोनवर ठरलेलं पुढे कुणी मान्य करत नाही, म्हणून खुलासा ईमेलवरच मागावा.

पहिला प्रश्न असा लिहावा:

‘नमस्कार साहेब, सर्वोसह म्हणजे दोन्ही अॅक्सिसच्या मोटर, ड्राइव्ह आणि केबल नव्या येणार, की आमच्याच जुन्या ठेवणार?’

किमतीतला मोठा फरक इथेच पडतो. जुने ड्राइव्ह अनेकदा अॅनालॉग असतात. कंट्रोलर त्यांना उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या दरम्यान सिग्नल देतो आणि त्यावर मोटरचा वेग ठरतो. नवे बरेच कंट्रोलर ड्राइव्हशी डिजिटल केबलवरून बोलतात. जुने ड्राइव्ह ठेवायचे तर नव्या कंट्रोलरला अॅनालॉग आउटपुट हवं आणि जुन्या एन्कोडरचे पल्स वाचता यायला हवेत. मोटर नव्या घेतल्या, तर फ्लँज आणि शाफ्टचं माप जुळेलच असं नाही. मग अॅडॉप्टर प्लेट आणि कपलिंग कुणी बनवायचं, तेही याच प्रश्नात विचारून घ्यावं.

दुसरा प्रश्न लॅडरचा. टरेट फिरवणं, चक आवळणं, दार उघडं असेल तर स्पिंडल सुरू न होणं, हे सगळं पीएलसीतल्या लॅडर प्रोग्रॅमवर चालतं आणि तो या मशीनसाठी नव्याने लिहावा लागतो. म्हणून लिहावं: ‘लॅडर लिहिण्याचे पैसे दरात धरले आहेत का? काम झाल्यावर लॅडर आणि पॅरामीटरचा बॅकअप पासवर्डसकट आम्हाला मिळेल का?’ पासवर्ड व्हेंडरकडेच राहिला, तर उद्या एक सेन्सर वाढवायलाही त्यालाच बोलवावं लागतं.

अचूकतेबद्दल मात्र मालकानेच आधी स्वतःचं मशीन तपासावं. डायल गेज लावून एक्स अॅक्सिस पुढे न्यायचा, मग उलट फिरवायचा. स्क्रीनवरचा आकडा बदलतो पण सुई हलत नाही, तेवढा बॅकलॅश. स्क्रीन एक्सचा आकडा त्रिज्येत दाखवत असेल आणि ०.०४ मिमी निघाला, तर व्यासात ०.०८ मिमीचा फरक पडू शकतो. नवा कंट्रोलर ठरावीक आकडा भरून काढतो. पण बॉलस्क्रू मधेच जास्त झिजला असेल, तर एका आकड्याने सगळीकडे भागत नाही. तो खर्च या कोटेशनमध्ये नसतोच.

शेवटची ओळ पैशांची: ‘बाकी १० टक्के रक्कम आमच्या ड्रॉइंगप्रमाणे सलग वीस जॉब मापात निघाल्यावर देऊ. मान्य असल्यास सुधारित कोटेशन पाठवावं.’