खर्चातला तेरावा महिना

चाळीस सदनिकांची एक गृहनिर्माण सोसायटी डोळ्यासमोर आणा. वार्षिक सभेपुढे आलेल्या उत्पन्न-खर्च पत्रकात सुरक्षा खर्च २०२३-२४ साली ४,८०,००० रुपये आहे आणि २०२४-२५ साली ५,६८,००० रुपये. एजन्सीने १ एप्रिल २०२४ पासून महिन्याचा दर ४०,००० वरून ४४,००० केला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे दर वाढला दहा टक्के, पण खर्च वाढला अठरा टक्क्यांहून जास्त. पहारेकरी तेवढेच, पाळ्याही तेवढ्याच. खजिनदारांनी बिले काढून दाखवली, चेक दाखवले, बँकेचे पासबुक दाखवले. सगळे जुळते. एक रुपयाही कुठे गेलेला नाही. तरीही आकडा चूक आहे, कारण या खर्चात बारा नव्हे, तेरा महिने बसले आहेत.

ही चूक चोरीची नाही, वर्षअखेरच्या समायोजनाची आहे. उपार्जन पद्धत, म्हणजे पैसे कधी दिले यापेक्षा सेवा कधी घेतली याला महत्त्व देणे, हे ‘एएस १’ या लेखा मानकात हिशेबाचे एक मूलभूत गृहीत मानले आहे. सेवा ३१ मार्चपर्यंत घेतली पण पैसे द्यायचे राहिले, तर तो अदत्त खर्च. पैसे दिले पण सेवा १ एप्रिलनंतर मिळणार, तर तो पूर्वदत्त खर्च. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपते. तपासणीत खरे काम तिथून पुढे सुरू होते.

एका ओळीची कसोटी

कोणत्याही खर्चाच्या खात्याला ही कसोटी लावता येते. वर्षात दिलेले पैसे घ्या. त्यात या वर्षअखेरचे अदत्त मिळवा आणि गेल्या वर्षअखेरचे अदत्त वजा करा. मग गेल्या वर्षअखेरचे पूर्वदत्त मिळवा आणि या वर्षअखेरचे पूर्वदत्त वजा करा. उरतो तो वर्षाचा खर्च.

सुरक्षेचा हिशेब असा. एजन्सीचे बिल पुढच्या महिन्यात येते आणि त्याच महिन्यात दिले जाते. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये दिलेले ४०,००० हे मार्च २०२४ चे आहेत. त्यानंतर मार्च २०२५ पर्यंत दिलेल्या अकरा बिलांचे ४,८४,००० होतात. एकूण दिले ५,२४,०००. मार्च २०२५ चे ४४,००० द्यायचे आहेत, ते मिळवायचे. गेल्या ताळेबंदात अदत्त दाखवलेले ४०,००० वजा करायचे. खर्च येतो ५,२८,०००, म्हणजे नेमके बारा गुणिले ४४,०००.

मग ५,६८,००० कुठून आले? खजिनदारांनी यंदाचे ४४,००० अदत्त घेतले, ते बरोबरच. पण एप्रिल २०२४ मध्ये जुने ४०,००० देताना ती रक्कम अदत्त खर्चाच्या खात्याला नावे टाकायला हवी होती, ती नेहमीच्या सवयीने सुरक्षा खर्चालाच नावे पडली. मार्च २०२४ चा खर्च एकदा गेल्या वर्षी धरला होता, तो यंदा पुन्हा धरला गेला.

ही चूक ओळखण्याची खूण ताळेबंदात असते. अदत्त खर्चाच्या यादीत गेल्या वर्षीचे ४०,००० जसेच्या तसे पडलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारी यंदाचे ४४,००० उभे असतात. ज्या एजन्सीचे फेब्रुवारीपर्यंतचे सगळे चुकते झाले आहे, तिच्या नावावर वर्षापूर्वीचे देणे असूच शकत नाही. म्हणून तपासणी करताना पहिल्यांदा गेल्या वर्षीची अदत्त आणि पूर्वदत्त यादी हातात घ्यावी. तिच्यातली प्रत्येक ओळ यंदा मिटली का, हे पाहिल्याशिवाय नवीन यादीकडे वळू नये.

यावर सोपा उपाय म्हणजे १ एप्रिलला उलट नोंद करून टाकणे. मग बिल देताना ते खर्चाला नावे पडले तरी चालते, कारण उलट नोंदीने खर्च आधीच तेवढ्याने कमी झालेला असतो. टॅली वापरणाऱ्यांनी एक मात्र सांभाळावे. त्यात `Reversing Journal` नावाचे व्हाउचर असते, आणि नावामुळे तेच वापरायचे असे वाटते. ते तात्पुरत्या अंदाजी पत्रकांसाठी आहे, मूळ हिशेबात ते धरले जात नाही. इथे साधे `Journal` व्हाउचरच करायचे.

बिलाची तारीख नव्हे, सेवेचा काळ

अदत्त खर्चात दुसरी मोठी गळती विजेच्या बिलात असते. जिना, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या सामायिक मीटरचे वाचन महिन्याच्या मधेच होते. आपल्या सोसायटीचे मार्चमधले बिल १८ मार्चच्या वाचनापर्यंतचे आहे, २९,००० रुपयांचे. ते ४ एप्रिलला भरले. खजिनदारांनी ३१ मार्चला २९,००० अदत्त धरले आणि काम झाले असे समजले. पण १९ ते ३१ मार्च हे तेरा दिवस लिफ्ट चाललीच होती. त्या दिवसांचे बिल तेव्हा आलेलेच नव्हते, म्हणून ते यादीत आले नाही.

पुढचे बिल १९ मार्च ते १७ एप्रिल या तीस दिवसांचे, ३१,५०० रुपयांचे आले. दिवसाला १,०५० रुपये. तेरा दिवसांचे १३,६५० होतात. म्हणजे विजेचे अदत्त २९,००० नव्हे, ४२,६५० हवे. १ एप्रिलपासून वीजदर बदलले असतील, तर मात्र दिवसांवर रक्कम वाटू नये. आधी युनिटे दिवसांवर वाटावीत आणि मार्चच्या युनिटांना मार्चचा दर लावावा.

अशी राहून गेलेली देणी शोधायची जागा चालू वर्षाची खतावणी नसते. ती पुढच्या वर्षाच्या फाइलमध्ये असतात. एप्रिलपासून तपासणीच्या दिवसापर्यंतची सगळी व्हाउचरे काढावीत आणि प्रत्येक बिलावर एकच गोष्ट वाचावी: ही सेवा कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतची? बिलाची तारीख १० मे असली तरी मार्चमध्ये केलेल्या प्लंबिंगचे ते बिल असेल, तर खर्च मार्चचा. प्लंबरने बिलच दिले नसेल तर कामाची नोंदवही, गेटवरचे रजिस्टर आणि कमिटीच्या सभेचे इतिवृत्त यांतून काम केव्हा झाले ते कळते.

उलट बाजूही तितक्याच काटेकोरपणे पाहावी लागते. टाकी साफ करण्याचे कोटेशन मार्चमध्ये मंजूर झाले, काम एप्रिलमध्ये सुरू होणार आहे, तर ३१ मार्चला एक पैसाही अदत्त नाही. मंजुरी म्हणजे देणे नव्हे, काम झाले की देणे होते. बजेट शिल्लक आहे म्हणून वर्षअखेरीला ‘दुरुस्तीसाठी तरतूद’ अशी गोल रक्कम टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. यादीत पन्नास हजार, एक लाख असे गुळगुळीत आकडे दिसले की त्यामागे बिल आहे की नुसती इच्छा, हे विचारावे.

दिवस मोजून आगाऊ

आता पूर्वदत्त. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ असा आहे. जुलैमध्ये ७३,००० रुपये भरले. सोसायटी जीएसटीत नोंदलेली नाही, म्हणून जीएसटीसह पूर्ण रक्कम खर्चच. कराराचे ३६५ दिवस, दिवसाला २०० रुपये. एप्रिल, मे आणि जून मिळून ९१ दिवस पुढच्या वर्षात जातात. पूर्वदत्त १८,२००.

मागच्या करारातले आगाऊही असणार. तो १ जुलै २०२३ ते ३० जून २०२४ होता आणि त्यात २९ फेब्रुवारी आल्याने दिवस ३६६ होते. रक्कम ६५,८८०, दिवसाला १८०. ३१ मार्च २०२४ ला ९१ दिवस उरले होते, त्यांचे १६,३८०. ते यंदाच्या खर्चात आले पाहिजेत. म्हणून यंदाचा खर्च ७३,००० अधिक १६,३८० वजा १८,२००, म्हणजे ७१,१८०. पडताळा दुसऱ्या बाजूनेही घेता येतो. जुन्या दराने ९१ दिवस आणि नव्या दराने २७४ दिवस, बेरीज ३६५ दिवस. रक्कम तीच येते. रुपयांबरोबर दिवसही जुळले की समायोजन बरोबर आहे याची खात्री होते.

इथे एक फसवी गोष्ट घडते. समजा खजिनदारांनी दोन्ही समायोजने विसरून ७३,००० सरळ खर्ची टाकले. फरक फक्त १,८२० रुपयांचा पडतो, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. त्यामुळे वर्षानुवर्षे कुणाला काही जाणवत नाही. मग एखाद्या वर्षी कुणीतरी यंदाचे पूर्वदत्त नीट काढतो, पण आधीचे १६,३८० खर्चात आणायला विसरतो. खर्च एकदम ५४,८०० होतो आणि लिफ्ट स्वस्तात चालली असा भास होतो. अर्धी दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा जास्त नुकसान करते.

आगाऊ दिलेली प्रत्येक रक्कम पूर्वदत्त खर्च नसते, हेही ध्यानात ठेवावे. रंगकामाच्या ठेकेदाराला उचल दिली तर ती ठेकेदाराकडून येणे आहे. ती काळाप्रमाणे नव्हे, झालेल्या कामाप्रमाणे खर्चात जाते. आणि वृत्तपत्राच्या चारशे रुपयांच्या वर्गणीचे दिवस मोजत बसण्याची गरज नाही. किती रकमेखालचे समायोजन करायचे नाही, हे कमिटीने एकदा ठरवावे आणि दरवर्षी तेच पाळावे.

चूक आणि अंदाज

विजेचे पुढचे बिल यायच्या आत हिशेब बंद करायचे झाले तर तेरा दिवसांची रक्कम अंदाजानेच धरावी लागते. १३,००० धरले आणि नंतर १३,६५० निघाले, तर ६५० चा फरक नव्या वर्षाच्या खर्चात जाऊ द्यावा. तो अंदाजातला फरक आहे. पण सुरक्षेचे ४०,००० दोनदा धरले गेले आणि हिशेब मंजूर झाल्यावर ते लक्षात आले, तर ती चूक आहे. ‘एएस ५’ प्रमाणे ती पुढच्या वर्षी पूर्वकालीन बाब म्हणून वेगळी दाखवावी लागते. ती त्या वर्षीच्या सुरक्षा खर्चातून गुपचूप वजा केली तर दोन वर्षे बिघडतात: पहिले फुगलेले राहते आणि दुसरे आटलेले दिसते. मेंटेनन्सचा दर याच आकड्यांवरून ठरतो. फुगलेल्या वर्षाच्या खर्चावरून दर वाढवला, आणि मधल्या काळात कुणी सदनिका विकून गेले, तर त्यांनी भरलेला जादा पैसा त्यांना परत मिळत नाही.

म्हणून यादी एका पानावर करावी. प्रत्येक खर्चापुढे सेवेचा काळ, दिवस, रक्कम, पुरावा आणि शेवटी एक रकाना, ‘कधी मिटले’. हा रकाना ३१ मार्चला रिकामाच असतो. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि तोवर मार्चअखेरची जवळपास सगळी देणी चुकती झालेली असतात. सभेच्या आठवडाभर आधी तो रकाना भरायला बसावे. ज्या ओळीपुढे तारीख लिहिता येत नाही, ती एकतर खरोखरच वादात अडकलेली आहे किंवा मुळात देणे नव्हतेच. सभासदांपुढे जाण्याआधी तिचा निकाल लावावा.